फेसावर जाऊ नका, एसएनएफ बघा

«सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. चार वर्षं एकाच दूधवाल्याकडे म्हशीच्या दुधाचा दीड लिटरचा रतीब आहे, लिटरला 80 रुपये. दिवाळीनंतर दूध पातळ लागतंय, साय पापुद्र्यासारखी येते, दूध पातेल्याच्या तळाला लागतं आणि ओतताना फेस फार येतो. शेजारच्या काकू म्हणतात, साबण घालत असणार. मोबाइलवर बघून मी दुधात मीठ टाकून पाहिलं, काहीच रंग आला नाही. सासूबाईंचं म्हणणं, पिशवीचं दूध म्हणजे पावडर, त्यापेक्षा सुटंच बरं. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. घरच्या घरी खात्री कशी करायची? आणि पिशवी लावावी का?»
— एक वाचक, नाशिक

तुम्ही सांगितलेल्या चार लक्षणांपैकी एकानेही भेसळ सिद्ध होत नाही. मिठाच्या चाचणीने तर काहीच सिद्ध होत नाही, ना भेसळ आहे हे, ना नाही हे. पण चार वर्षांची सवय असलेली जीभ आणि हात सांगतायत की दूध बदललंय, तर ते बदललेलं असणार. प्रश्न इतकाच की कशाने.

आधी एक प्रामाणिक शक्यता बघू. आपल्याकडे बऱ्याच म्हशी पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत वितात. नव्याने व्यालेली म्हैस दूध भरपूर देते, पण त्याला फॅट कमी असतं. वेत जुनं होत जातं तसं दूध कमी होतं आणि फॅट चढतं. त्यामुळे गोठ्यातल्या दोन-तीन म्हशी एकदम व्याल्या, तर थेंबभर पाणी न घालताही साय पातळ होते. शिवाय धारेचं पहिलं दूध पातळ असतं आणि शेवटची धार सर्वांत दाट. कॅनमध्ये दूध तासभर उभं राहिलं की मलई वर चढते. दूधवाल्याच्या कॅनला खाली तोटी असेल आणि त्याने दूध ढवळलं नसेल, तर पहिल्या घराला पातळ दूध मिळतं आणि शेवटच्या घराला मलईचं. तुमचं घर त्याच्या फेरीत कितवं आहे, हे एकदा विचारा.

म्हणजे साय आणि फॅट यांवर फार भरवसा ठेवता येत नाही. दुधातला दुसरा भाग मात्र एवढा हलत नाही. फॅट आणि पाणी सोडून जे उरतं, म्हणजे प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार, त्याला डेअरीवाले एसएनएफ म्हणतात. म्हशीच्या दुधात ते साधारण 9 टक्के किंवा थोडं वर असतं, गाईच्या दुधात साडेआठच्या आसपास. वेत नवं असो की जुनं, सकाळ असो की संध्याकाळ, हा आकडा फार खाली येत नाही. तो साडेसात किंवा सातवर येतो तो मुख्यतः पाणी घातल्यावर. कायद्याचं किमान प्रमाणही याच दोन आकड्यांवर आहे: महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या म्हशीच्या दुधाला 6 टक्के फॅट आणि 9 टक्के एसएनएफ, गाईच्या दुधाला 3.2 आणि 8.3.

हे आकडे घरी कसे मिळवायचे? घरी नाही, पण घराजवळ मिळतात. नाशिकच्या आसपासच्या बहुतेक गावांत डेअरीचं दूध संकलन केंद्र असतं. शेतकऱ्याचं दूध तिथे फॅट-एसएनएफवर घेतात, म्हणून काट्याशेजारी तपासणीचं मशिन असतं. सकाळी संकलनाच्या वेळी स्वच्छ, कोरड्या बाटलीत 200 मिली कच्चं दूध घेऊन जा, गर्दी ओसरू द्या आणि तपासून द्यायला सांगा. मिनिटाभरात फॅट, एसएनएफ आणि डिग्री, म्हणजे दूध किती जड आहे ते सांगणारा आकडा, असलेली चिठ्ठी मिळते. दूध त्याच दिवशीचं, न तापवलेलं आणि बाटलीत भरण्याआधी भांडं दोन-तीनदा ओतून नीट ढवळलेलं हवं. वरचं मलईचं दूध नेलंत तर फॅट खोटं चढेल, आणि तापवलेलं नेलंत तर त्यातलं पाणी उडालेलं असतं. एका दिवसाच्या चिठ्ठीवर थांबू नका. आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी न्या, त्यात एखादा सणाचा किंवा लग्नाच्या तिथीचा दिवस असला तर उत्तमच. मागणी वाढते आणि म्हशी तेवढ्याच असतात तेव्हा पाण्याचा मोह जास्त होतो.

आता चिठ्ठी वाचायची कशी ते एका उदाहरणाने सांगतो. समजा चिठ्ठीवर फॅट 4.1, एसएनएफ 7.2 आणि डिग्री 24 आली. म्हशीच्या दुधाचं एसएनएफ 9 धरा. 9 चं 7.2 झालं, म्हणजे पाचातला एक भाग गेला. तुमच्या एक लिटरमध्ये 800 मिली दूध आणि 200 मिली पाणी आहे. आता फॅट तपासा. नुसतं पाणीच घातलं असतं, तर 6 टक्क्यांचं फॅटही त्याच हिशेबाने उतरून 4.8 झालं असतं. ते 4.1 आहे, म्हणजे पाणी काढून टाकलं तरी मूळ दुधाला पाचच्या जरा वर फॅट होतं. हे म्हशीच्या दुधाला कमीच. एकतर त्यात गाईचं दूध मिसळलंय किंवा मलई काढलीय. पैशात बोलायचं, तर लिटरमागे 16 रुपयांचं पाणी, दीड लिटरला दिवसाला 24 आणि महिन्याला 720 रुपये.

आता दुसरी चिठ्ठी समजा: फॅट तेच 4.1, पण एसएनएफ 8.6 आणि डिग्री 29-30. साय पहिल्या दुधासारखीच पातळ येईल, पातेल्यात बघून दोन्हींतला फरक कळणारही नाही. पण या दुधात पाणी नाही. ते गाय-म्हैस मिश्र दूध आहे आणि तुम्ही त्याला म्हशीच्या दुधाचा भाव देताय. ही फसवणूकच, पण मुलीच्या पोटाला त्यापासून काही धोका नाही. असल्या दुधावरून दूधवाल्याशी पाण्यासाठी भांडलात, तर तो शपथेवर नाही म्हणेल आणि खरंच बोलत असेल.

संकलन केंद्र लांब असेल तर हीच डिग्री मोजणारा लॅक्टोमीटर घ्या. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात तो मिळतो, सोबत 250 मिलीचा उंच जार लागतो. दूध ढवळून जारमध्ये काठोकाठ घ्या, लॅक्टोमीटर हलक्या हाताने सोडा, भिंतीला न चिकटता तरंगू द्या आणि दुधाच्या पातळीला येणारा आकडा वाचा. गाईचं दूध साधारण 28 ते 30, म्हशीचं 30 ते 32 दाखवतं. दर 10 टक्के पाण्यामागे आकडा तीनेक डिग्रीने उतरतो.

दोन गोष्टींनी हे वाचन चुकतं. एक, तापमान. लॅक्टोमीटर ठरावीक तापमानाला धरून बनवलेला असतो, ते त्याच्या काचेवर छापलेलं असतं. आपल्याकडे बहुधा 27 अंश सेल्सिअस. फ्रिजमधलं दूध थंड आणि म्हणून घट्ट असतं, ते खोटी जास्त डिग्री दाखवून पाणी झाकतं. नुकतंच काढलेलं कोमट दूध उलट कमी डिग्री दाखवतं, त्यात हवेचे बारीक बुडबुडेही अडकलेले असतात. बाटली अर्धा तास साध्या पाण्यात उभी ठेवली की दोन्ही अडचणी बऱ्याच मिटतात. दुसरी चूक जास्त गंभीर. मलई दुधापेक्षा हलकी असते, त्यामुळे मलई काढली की दूध जड होतं आणि डिग्री 36 च्या घरात जाते. आता त्यात पाचवा हिस्सा पाणी घाला, डिग्री पुन्हा 29-30 वर येते आणि लॅक्टोमीटर म्हणतो, सगळं ठीक. हा डाव लॅक्टोमीटरइतकाच जुना आहे. मीठ, साखर किंवा पीठ घातलं तरी उतरलेली डिग्री वर येते. म्हणून योग्य तापमानाला डिग्री कमी आली तर पाणी समजा, पण डिग्री बरोबर आली म्हणजे दूध शुद्ध, असं समजू नका. चिठ्ठीवर फॅट आणि एसएनएफ दोन्ही असतात, म्हणून चिठ्ठी बरी.

तिरप्या ताटलीवर थेंब सोडायची चाचणी तुम्ही ऐकली असेल: शुद्ध दूध मागे पांढरा ओघळ ठेवत सावकाश उतरतं, पाण्याचं झरकन पळतं. निम्मं पाणी असलेलं दूध तिने ओळखता येतं. पण टोन्ड पिशवीचं किंवा गाईचं पातळ दूधही ताटलीवरून पळतं, थंडीत म्हशीचं पाण्याचं दूधही रेंगाळतं, आणि ताटलीला तेलाचा हात लागला असेल तर सगळंच बिघडतं. करायचीच तर शेजारी ओळखीच्या दुधाचा थेंब ठेवून करा. एकट्या थेंबावर निकाल देऊ नका.

पाण्यानंतर पिठाकडे येऊ, कारण पीठ पाण्याच्या मागोमागच येतं. पाण्याने पातळ झालेल्या दुधाला पुन्हा अंग आणायचं असेल तर शिजवलेला स्टार्च लागतो, मग तो मक्याचा असो, आरारूटचा किंवा तांदळाचा. तुमचं दूध तळाला लागतंय, त्यावरून ही शंका येणं रास्त आहे, पण पातळ बुडाचं पातेलं, मोठी आच किंवा किंचित आंबूस झालेलं दूध, यांनीही तेच होतं. निर्णय आयोडीन देईल. ही घरची एकच चाचणी आहे जिचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट असतं.

मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची बाटली आणा. ते नसेल तर जखमेला लावायचं पोव्हिडोन-आयोडीनचं तपकिरी द्रावणही चालतं, फक्त रंग जरा फिका येतो. तीन स्टीलच्या वाट्या घ्या. पहिलीत रतिबाचं दूध, दुसरीत चांगल्या पिशवीचं, तिसरीत तेच पिशवीचं दूध आणि त्यात चमचाभर भाताची पेज. प्रत्येकात दूध अर्धा चमचा आणि पाणी एक चमचा पुरे. तिन्ही वाट्या उकळी येईपर्यंत तापवा, म्हणजे कच्च्या पिठाचे कण फुलतात, आणि मग पूर्ण गार होऊ द्या. गार करणं टाळू नका: आयोडीन आणि स्टार्चचा निळा रंग गरम असताना दिसतच नाही, आणि घाईत केलेल्या चाचण्या इथेच फसतात. गार झाल्यावर प्रत्येक वाटीत दोन-तीन थेंब टाका. थोडं आयोडीन दुधातली प्रथिनं धरून ठेवतात, त्यामुळे पहिला थेंब गायब झाल्यासारखा वाटला तर आणखी दोन टाका.

पेजेची वाटी निळी किंवा निळसर-काळी झालीच पाहिजे. ती झाली नाही तर तुमचं आयोडीन जुनं आहे आणि त्या दिवशीची सगळी चाचणी रद्द. साधी वाटी पिवळसर-तपकिरी राहील, तो आयोडीनचा स्वतःचा रंग. तुमची वाटी यांपैकी कुणासारखी दिसते ते उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. निळी झाली तर दुधात स्टार्च आहे. फक्त रात्रीच्या भाताचा डाव त्या वाटीत किंवा बाटलीत आधी गेला नव्हता ना, याची खात्री करून चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. वाट्यांतलं दूध अर्थातच ओतून टाका, मांजरालाही नको.

तुमच्या मिठाचं काय झालं तेही इथेच कळेल. मिठात आयोडीन असतं खरं, पण आपल्याकडे ते पोटॅशियम आयोडेट या रूपात मिसळतात, आणि तेही अगदी सूक्ष्म. स्टार्चला निळं करतं ते मोकळं आयोडीन, आयोडेट नव्हे. अख्खी पिठाची पेज केलीत आणि मूठभर मीठ टाकलंत तरी ती पांढरीच राहील. हे उद्याच करून बघता येईल. आयोडीनच्या चाचणीलाही एक मर्यादा आहे. माल्टोडेक्स्ट्रिन नावाचं स्टार्च तोडून केलेलं चूर्णही दुधात एसएनएफ वाढवायला घालतात, आणि त्याला आयोडीनने निळा रंग येतोच असं नाही. वाटी पिवळी राहिली तर दुधात पीठ नाही एवढंच समजा.

आता साबण. दुधाला फेस येतो तो मुळात त्यातल्या प्रथिनांमुळे. उंचावरून ओतलेल्या, ताज्या आणि कमी मलईच्या दुधाला तो जास्तच येतो. मलई फेस मारते, त्यामुळे मलई कमी झालेलं दूध आपोआप जास्त फेसाळतं. तुमच्याकडे पातळ साय आणि जास्त फेस एकाच वेळी सुरू झाले, तेव्हा दोन्हींचं कारण एकच असण्याची शक्यता मोठी आहे. काकूंना तूर्तास थांबवा.

डिटर्जंट घालतात ते फेसासाठी नाही. दुधाचं फॅट काढून त्याजागी स्वस्त तेल घालायचं असेल तर तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. डिटर्जंट त्याचे बारीक थेंब करून ते दुधात एकजीव धरून ठेवतो. नकली दुधात तेल, युरिया आणि डिटर्जंट एकत्र सापडतात ते याच कारणाने. दोन-चार म्हशी ठेवणाऱ्या गवळ्याने एवढा खटाटोप करण्यापेक्षा बादलीभर पाणी ओतणं सोपं असतं. धोका जास्त असतो तो स्वतःच्या म्हशी नसलेल्या, कुठून तरी कॅन आणून वाटणाऱ्या विक्रेत्याकडे.

तरीही तपासायचं तर असं. झाकणाच्या दोन सारख्या, पारदर्शक बाटल्या घ्या आणि त्या आधी गरम पाण्याने पाच-सहा वेळा विसळा. भांडी घासायच्या साबणाचा राहिलेला अंश हेच या चाचणीत ‘डिटर्जंट’ सापडण्याचं नेहमीचं कारण आहे. एकीत दोन चमचे रतिबाचं दूध आणि दोन चमचे पाणी, दुसरीत तेवढंच पिशवीचं दूध आणि पाणी. दोन्ही बाटल्या एकदम, सारख्याच जोराने अर्धा मिनिट हलवा आणि उभ्या ठेवा. दोन्हींत फेस येईल. साध्या दुधाचा थर पातळ असतो, बुडबुडे मोठे असतात आणि बघता बघता फुटत जातात. डिटर्जंटचा फेस दाट, कपड्यांच्या बादलीवर बसतो तसा बारीक असतो आणि दहा मिनिटांनीही उभा असतो. तुलना करायची ती बाटली क्रमांक दोनशी, मनातल्या दुधाशी नाही. फरक ठळक दिसला तरच संशय घ्या, आणि ते दूध चाखून बघू नका. फरक अर्धवट असेल तर प्रयोगशाळेशिवाय इलाज नाही. तिथे रंगद्रव्य घालून डिटर्जंट पकडतात.

राहिला पिशवीचा प्रश्न. ‘देशातलं 68 टक्के दूध भेसळीचं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असणारच. ते एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2011 च्या सर्वेक्षणातून आलं. 1791 नमुन्यांपैकी 68.4 टक्के प्रमाणात बसले नाहीत, हे खरं. पण त्यांतला मोठा भाग कमी एसएनएफचा आणि दूध पावडर मिसळल्याचा होता; डिटर्जंट 103 नमुन्यांत सापडला. 2018 च्या सर्वेक्षणात देशभरातून 6432 नमुने घेतले. त्यात आरोग्याला घातक भेसळ फक्त 12 नमुन्यांत निघाली. जास्त काळजीची गोष्ट वेगळीच होती: 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. बुरशी लागलेली पेंड आणि चारा जनावराच्या पोटात गेला की हे विष दुधात उतरतं, उकळूनही जात नाही, आणि त्या सर्वेक्षणात ते सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक आढळलं. त्यामुळे पिशवी म्हणजे शुद्धतेची हमी, असं मला म्हणता येणार नाही.

पिशवीचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे. पहिला जंतूंचा. पिशवीतलं दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं. सुट्या कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो, आणि वर घातलेलं पाणी कुठल्या हौदातलं आहे देव जाणे. अर्थात सुटं दूधही ढवळत एक खळखळ उकळी येऊ दिली की हे जंतू मरतात, तेव्हा तुमच्या घरी दूध नीट उकळत असेल आणि मुलीला कच्च्या दुधाचं काही देत नसाल, तर हा फायदा लहान होतो. दुसरा फायदा मोठा: पिशवीवर आकडा छापलेला असतो. फुल क्रीमला किमान 6 फॅट आणि 9 एसएनएफ, स्टँडर्डाइज्डला 4.5 आणि 8.5, टोन्डला 3 आणि 8.5, डबल टोन्डला 1.5 आणि 9. तुम्ही काय विकत घेताय ते कळतं, आणि कमी भरलं तर जबाबदार कोण तेही कळतं.

सासूबाईंचा पावडरचा आक्षेप निम्मा बरोबर आहे. टोन्ड दुधात स्किम्ड मिल्क पावडर वापरायला कायद्याने परवानगी आहे, उन्हाळ्यात दूध आटतं तेव्हा ती वापरलीही जाते. ती भेसळ नव्हे, पण चव वेगळी लागते. त्यांना म्हशीच्या दुधाची चव हवी असेल तर तुलना टोन्डशी नको, फुल क्रीमशी करा. आणि पिशवीला जाड साय येत नाही म्हणून ती नापास करू नका: बऱ्याच दुधातलं फॅट मशिनमध्ये बारीक फोडलेलं असतं, ते वर येऊन एकत्र होत नाही. साय पातळ येते, फॅट दुधातच असतं.

पिशवीलाही हात लागतो. ब्लेडने कोपरा कापून किंवा सुई टोचून दूध काढायचं, पाणी भरायचं आणि मेणबत्तीवर प्लॅस्टिक वितळवून पुन्हा चिकटवायचं, असे अड्डे अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत अनेकदा पकडले आहेत. कारखान्याची शिवण सरळ, सपाट आणि दोन्ही टोकांना सारख्या रुंदीची असते. पुन्हा चिकटवलेली शिवण सुरकुतलेली, कुठे जाड कुठे पातळ, कोपऱ्यात काळपट किंवा गाठाळ होते. पिशवी रिकामी केल्यावर शिवणीवरून नख फिरवून बघा, बोटाला खडबडीत लागेल. अर्ध्या लिटरची पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्लॅस्टिकसह 515 ते 520 ग्रॅम भरते. आणि ती हाताला थंड लागलीच पाहिजे. पहाटेपासून रस्त्यावर क्रेटमध्ये पडलेली कोमट पिशवी कुठल्याही ब्रँडची असली तरी घेऊ नका.

तुमच्या घरापुरतं माझं मत असं. चिठ्ठ्या येईपर्यंत मुलीसाठी अर्धा लिटर फुल क्रीम पिशवी लावा आणि बाकीचा रतीब चालू ठेवा. तीन चिठ्ठ्यांत एसएनएफ साडेआठच्या वर आणि आयोडीनची वाटी पिवळी असेल, तर दूधवाला सोडायचं कारण नाही. फॅट बघून भाव मात्र गाय-म्हैस मिश्र दुधाचा द्या. एसएनएफ साडेसातच्या खाली आणि वाटी पिवळी, असं असेल तर चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवा. आरडाओरडा नको, ‘मी दर आठवड्याला तपासते’ एवढं सांगा. बरेच जण तेवढ्याने दुसऱ्याच दिवशी सुधारतात. त्याच्याकडे एफएसएसएआयच्या नोंदणीचा 14 आकडी क्रमांक आहे का तेही विचारा. लहान विक्रेत्यालाही तो लागतो. दोन आठवड्यांनी आकडा पुन्हा घसरला तर रतीब बंद. वाटी निळी झाली किंवा बाटलीतला फेस उभाच राहिला, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी बंद करा.

आणि मग तक्रार करायची असेल, तर घरची वाटी किंवा डेअरीची चिठ्ठी पुरावा होत नाही. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा, नमुना तो स्वतः घेतो. तुम्हालाही नमुना देता येतो: अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 प्रमाणे ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, मात्र घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते. बाटली बर्फात ठेवा, फाटलेलं दूध तपासून उपयोग नाही. आणि अर्जात ‘भेसळ तपासावी’ एवढंच लिहू नका. फॅट, एसएनएफ, स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन, डिटर्जंट आणि युरिया अशी नावं लिहा.